यथाशक्ती शुल्काचा हिशेब

तेलीबांधा तळ्याच्या काठावर संध्याकाळी फेरी मारणाऱ्यांत आम्ही सात-आठ निवृत्त मराठी माणसे आहोत. कोणी भिलाईच्या पोलाद कारखान्यातून, कोणी रेल्वेतून, कोणी माझ्यासारखा राज्य शासनाच्या सेवेतून बाहेर पडलेला. गेल्या वर्षी आमच्या गप्पांतून मोडी लिपीचा एक वर्ग निघाला. रायपूर, रतनपूर, राजनांदगाव या भागांत नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून स्थिरावलेली मराठी घरे आहेत. बिंबाजी भोसले १७५८ मध्ये रतनपुरास आले, त्यास अडीचशेहून अधिक वर्षे झाली. अशा घरांतील ट्रंकांत जुने कागद असतात आणि ते वाचणारे कोणी उरलेले नसते. इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासात मी मोडी शिकलो होतो, तेव्हा शिकवण्याचे काम माझ्याकडे आले. शुल्क किती ठेवावे, या प्रश्नावर मी मोठ्या उदारपणे म्हणालो, ‘‘ज्याला जे जमेल ते द्यावे.’’ दाराशी एक पेटी ठेवली आणि प्रश्न सुटला असे समजलो.

तो सुटला नव्हता, हे मला एका तरुणाने शिकवले. तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. आजोबांच्या पेटीत सापडलेला मोडीतला एक कागद घेऊन तो माझ्याकडे आला होता. जमिनीच्या वाटणीचा असावा असे पहिल्या दोन ओळींवरून दिसत होते. वर्गाला येण्याची त्याची इच्छा उघड होती. फी विचारल्यावर मी त्याला ते उदार वाक्य ऐकवले. तो ‘‘बरं काका’’ म्हणाला आणि आला नाही. दोन महिन्यांनी तळ्याकाठी भेटला तेव्हा मी विचारले. थोडे आढेवेढे घेऊन तो म्हणाला, ‘‘काका, पाचशे माझ्याकडे नव्हते. आणि तुमच्यासमोर पेटीत शंभर टाकायचे तर कसं दिसलं असतं?’’

मी मनातल्या मनात हिशेब केला. शंभर रुपये शुल्क असे मी छापले असते तर तो आला असता. शुल्क नाही असे छापले असते तरी आला असता. त्याला घरी बसवले ते माझ्या औदार्याने. सरकारी नोकरीत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला असे काही कळले की तो आधी कागद शोधतो. तसे मी शोधले, आणि ज्या विषयाला मी संध्याकाळच्या गप्पांतला विषय समजत होतो, त्यावर अर्थशास्त्रज्ञांनी गेल्या वीस वर्षांत बरेच प्रयोग केले आहेत असे आढळले.

त्यातला सर्वांत बोलका प्रयोग २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उरी नीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका मोठ्या मनोरंजन उद्यानात, रोलर कोस्टरसारख्या वेगवान खेळात बसणाऱ्यांचे फोटो विकून पाहिले. एक लाखाहून अधिक लोक त्यात आले. ठरावीक किंमत १२.९५ डॉलर होती तेव्हा शंभरात अर्धा माणूसही फोटो घेत नव्हता. ‘हवे ते द्या’ असे म्हटल्यावर घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे साडेआठ टक्क्यांवर गेले, पण सरासरी देणे एका डॉलरपेक्षाही खाली आले. इथवर कोणीही अंदाज बांधला असता. पुढची पायरी अधिक लक्षात राहणारी आहे. ‘हवे ते द्या, त्यातील अर्धे धर्मादाय कामास जातील’ असे म्हटल्यावर सरासरी देणे पाच डॉलरच्या वर गेले. मात्र घेणारे जवळजवळ निम्मे झाले. ज्यांना धर्मादाय कामासाठी डॉलरभर देऊन स्वतःच्या नजरेत कंजूष ठरायचे नव्हते, त्यांनी फोटोच घेतला नाही. त्याच संशोधकांनी नंतर एका बोटीच्या सहलीत हीच गोष्ट वेगळ्या रीतीने पाहिली. नेहमीची किंमत अधिक आहे हे ठाऊक असताना ‘तुम्ही ठरवा’ म्हटल्यावर जितक्यांनी फोटो घेतला, त्यापेक्षा थेट पाच डॉलर अशी कमी किंमत लावल्यावर अधिक जणांनी घेतला.

म्हणजे माझा मोबाइलवाला तरुण अपवाद नव्हता. देणाऱ्यावर रक्कम सोपवली की आपण त्याला सवलत देतो आणि त्याच वेळी एक परीक्षाही घेतो. ज्याची ऐपत आहे तो परीक्षेत सहज उत्तीर्ण होतो. ज्याची नाही, तो परीक्षेलाच बसत नाही. हजेरीपटावर मात्र तो कुठेच दिसत नाही, कारण न आलेल्याची नोंद कोणी ठेवत नाही.

यावर आमच्या फेरीतल्या एका मित्राचा तोडगा सरळ होता: ठरावीक शुल्क ठेवा आणि गरजूंना माफ करा. या तोडग्याचा अनुभव मला पुरेसा आहे. १९९४ नंतर इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयापासून तेव्हाच्या मध्य प्रदेशात रोगी कल्याण समित्या सुरू झाल्या. रुग्णालयाने थोडे शुल्क घ्यावे, ते तिथेच खर्च करावे आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना माफी द्यावी, अशी ती कल्पना होती. छत्तीसगड वेगळे झाल्यावर त्याच समित्या जीवनदीप समित्या म्हणून चालू राहिल्या. कल्पना वाईट नव्हती; खिडक्या, बाके, औषधे यांवर पैसा खर्च झालेला मी पाहिला आहे. पण एका जिल्ह्यात असताना मी माफीचे रजिस्टर मागवले, तेव्हा त्यातली नावे ज्यांना कार्ड दाखवायची आणि बाबूशी बोलायची सवय होती अशांचीच अधिक होती. माफी मागावी लागते, आणि मागणे हीच एक किंमत असते. यथाशक्ती शुल्काचा मोठा फायदा असा की त्यात मागावे लागत नाही. मी दाराशी पेटी ठेवून नेमका तोच फायदा घालवला होता.

दुसरा आक्षेप अधिक जुना आणि अधिक लोकप्रिय आहे: फुकट मिळालेल्याची माणसाला किंमत नसते. प्रशासनात हे वाक्य मी इतक्या बैठकांत ऐकले आहे की ते कोणत्या तरी नियमपुस्तिकेत असावे असे वाटे. जेसिका कोहेन आणि पास्कलिन ड्यूपास यांनी केनियात गरोदर स्त्रियांना औषधयुक्त मच्छरदाण्या काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी अल्प किमतीत देऊन हे वाक्य तपासले. अल्प किंमत लावताच घेणाऱ्यांची संख्या खूप घसरली. पण ज्यांना फुकट मिळाली त्यांनी ती विकत घेणाऱ्यांपेक्षा कमी वापरली, असे आढळले नाही. तरीही मच्छरदाणी आणि वर्ग यांत फरक आहे. मच्छरदाणी एकदा घरी गेली की गेली. वर्गाला सहा रविवार स्वतःचे शरीर उचलून न्यावे लागते. पैसे भरले नसतील तर रविवारच्या सकाळी न उठण्याला काहीच अडसर राहत नाही. नाव नोंदवून न येणाऱ्यांचा प्रश्न खरा आहे. तो पैशानेच सोडवावा लागतो का, हा पुढचा मुद्दा.

आधी खर्चाकडे येऊ, कारण यथाशक्ती शुल्काचे समर्थक इथे बहुधा हवेत बोलतात. यंदाच्या वर्गाचे अंदाजपत्रक मी कोरा कागद घेऊन मांडले. सहा रविवार, प्रत्येकी दोन तास. सभागृहाचे भाडे दर वेळी आठशे धरले तर चार हजार आठशे. माझे डोळे आता जुन्या शाईला दाद देत नाहीत, म्हणून यंदा नागपूरहून एक जाणकार शिक्षक बोलवायचे. त्यांचा प्रवास आणि मानधन मिळून दर वेळी दीड हजार धरले तर नऊ हजार. फलक, कागदपत्रांच्या मोठ्या प्रती वगैरे बाराशे. हे पंधरा हजार रुपये एक माणूस आला काय किंवा पंचवीस आले काय, लागणारच. याखेरीज प्रत्येक माणसामागे सरावाची पुस्तिका, बोरू किंवा कापलेल्या टाकाचे पेन, सहा वेळचा चहा मिळून तीनशे. पंचवीस जण आले तर एकूण खर्च साडेबावीस हजार, म्हणजे दरडोई नऊशे. पंधराच आले तर साडेएकोणीस हजार, म्हणजे दरडोई तेराशे.

यातले दोन आकडे वेगळे ठेवायला हवेत: नऊशे आणि तीनशे. नऊशे हा सरासरी खर्च आहे. तीनशे हा एका जास्तीच्या माणसामुळे वाढणारा खर्च आहे. खुर्ची रिकामी असेतोवर तीनशे देणारा कोणाच्याही खिशातून काही घेत नाही. शंभर देणाऱ्यामागे दोनशेची झळ बसते, आणि पाचशे देणारा, सरासरीपेक्षा कमी देऊनही, पंधरा हजारांच्या ओझ्यातले दोनशे उचलून जातो. अन्नछत्र किंवा खानावळ यांचे गणित असे नसते. तिथे प्रत्येक ताट नवा खर्च घेऊन येते. अमेरिकेतील पनेरा या उपाहारगृह साखळीने २०१० मध्ये यथाशक्ती दरांची उपाहारगृहे काढली आणि २०१९ मध्ये शेवटचे बंद केले. शिकवण्याच्या वर्गाला त्यामानाने बरीच मोकळीक आहे, पण खुर्च्या भरेपर्यंतच. मोडीच्या वर्गात ही मर्यादा लवकर येते. मोडीत वरची रेघ आधी ओढून घेतात आणि हात फारसा न उचलता शब्दांत जागा न सोडता लिहीत जातात. शिकणाऱ्याची चूक त्याच्या पानावर वाकून पाहिल्याखेरीज कळत नाही. दोन तासांत एक शिक्षक पंचविसांची पाने पाहू शकतो, चाळिसांची नाही.

आता दोन्ही पद्धती शेजारी ठेवू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. त्यांचा उपयोग दिशा पाहण्यापुरता आहे. समजा, नऊशे रुपये शुल्क छापले आणि चौदा जण आले. जमा बारा हजार सहाशे, खर्च एकोणीस हजार दोनशे, तूट सहा हजार सहाशे. दुसरीकडे यथाशक्ती ठेवले आणि पंचवीस जण आले: सहा जणांनी दीड हजार दिले, नऊ जणांनी नऊशे, सहा जणांनी तीनशे, चौघांनी शंभर. जमा एकोणीस हजार तीनशे, खर्च साडेबावीस हजार, तूट तीन हजार दोनशे. अकरा माणसे अधिक आणि तूट निम्म्याहून कमी. इथे थांबले की यथाशक्ती पद्धतीचा विजय झाला असे वाटते. पण त्या सहा जणांकडे पाहा. त्यांनीही इतरांसारखे नऊशेच द्यायचे ठरवले तर तीन हजार सहाशे कमी होतात आणि तूट सहा हजार आठशेवर जाते. म्हणजे ठरावीक शुल्काच्या तुटीइतकीच. माणसे अकरा अधिक राहतात हे खरे, पण खर्च भागवण्याचा दावा संपतो. चौघांनी शंभर दिले की काहीच दिले नाही, याने चारशेचा फरक पडतो. बैठकांत मात्र चर्चा नेहमी त्या चौघांवरच होते. हिशेब टिकतो किंवा कोसळतो तो सरासरीहून जास्त देणाऱ्या थोड्या लोकांवर.

आणि ते थोडे लोक कालांतराने थकतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात कित्येक वर्षे प्रवेशमूल्य सुचवलेले असे, बंधनकारक नसे. सुचवलेली पूर्ण रक्कम देणाऱ्यांचे प्रमाण २००४ च्या सुमारास ६३ टक्के होते, ते २०१७ पर्यंत १७ टक्क्यांवर आले, असे संग्रहालयानेच सांगितले, आणि मार्च २०१८ पासून राज्याबाहेरच्या प्रौढांना २५ डॉलर सक्तीचे झाले. राज्यातील रहिवाशांना जुनीच मुभा राहिली. पहिल्या वर्षी मिळालेला प्रतिसाद पुढच्या अंदाजपत्रकात तसाच धरू नये, एवढे यातून मी घेतले.

मग हे दीर्घकाळ कुठे टिकले आहे? उत्तर महाराष्ट्रातच आहे. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे चालतात. शिकवण्याचे शुल्क नाही, राहण्या-जेवणाचेही नाही. दान घेतले जाते, पण ज्याने निदान एक शिबिर पूर्ण केले आहे त्याच्याकडूनच. दारात येणाऱ्या नवख्याने नोटा पुढे केल्या तरी घेत नाहीत. इथे तीन गोष्टी एकत्र बसल्या आहेत. देणारा वस्तू पारखून मग देतो. त्याचे स्वतःचे शिबिर आधीच्या कोणाच्या दानातून झालेले असते आणि त्याचे दान पुढच्या अनोळखी माणसासाठी असते. त्यामुळे ‘मी जे घेतले त्याची किंमत कमी दिली’ ही लाज उरत नाही. तिसरी गोष्ट शिस्तीची: अर्ज करावा लागतो, नियम आधी मान्य करावे लागतात, दहा दिवस पूर्ण राहण्याचे कबूल करावे लागते. न येणाऱ्यांना अडवण्याचे काम तिथे पैशाने नव्हे, या पायरीने होते.

या उदाहरणाची एक बाजू मात्र झाकू नये. तिथे शिकवणारे मानधन घेत नाहीत आणि स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंत बरेच काम जुने साधक सेवा म्हणून करतात. दानावर चालणाऱ्या पुष्कळ संस्थांचे रहस्य दानात नसून न दिलेल्या पगारात असते. गेल्या वर्षी आमचा वर्ग तोट्यात गेला नाही, याचे मला कौतुक वाटत होते. कारण एवढेच होते की शिकवणारा मी निवृत्तिवेतनावर जगतो. नागपूरहून येणारा तरुण शिक्षक वर्गांच्या मानधनावर घर चालवतो; त्याचे नऊ हजार पेटीच्या भरवशावर ठेवणे हा अन्याय ठरेल. छत्तीसगडात पत्रकारितेचा पाया घालणारे माधवराव सप्रे हेही मराठीच घरातले. १९०० मध्ये पेंड्र्याहून त्यांनी सुरू केलेले ‘छत्तीसगड मित्र’ तीन वर्षांत आर्थिक तोट्यामुळे बंद पडले. तो तोटा कोणाच्या तरी घरखर्चातून गेलाच असणार; इतिहासात त्याचे खाते निघत नाही, म्हणून आपण विसरतो.

यंदाची मांडणी म्हणून बदलली आहे. शिक्षकाचे मानधन आणि सभागृहाचे भाडे यांपैकी सात हजार रुपये आम्ही तिघांनी वर्गाआधीच बाजूला काढले आहेत. वाईट वर्षाची तूट सहा हजार आठशे येते, त्यावरून हा आकडा घेतला. जमा चांगली झाली तर ही रक्कम पुढच्या वर्गासाठी राहील. नाव नोंदवायला पैसे नाहीत. त्याऐवजी आधीच्या रविवारी अर्ध्या तासाच्या बैठकीला यायचे आणि वरच्या रेघेखाली पहिली दहा अक्षरे गिरवून दाखवायची. जो त्यासाठी येत नाही त्याची जागा प्रतीक्षायादीला जाते. पंचविसांपैकी आठ जागा शेवटच्या आठवड्यापर्यंत राखून ठेवल्या आहेत, कारण आमच्या व्हॉट्सॲप गटावर बातमी पोहोचते ती आधी ज्यांना फुरसत आहे अशांकडे, आणि पहिला येईल त्याला जागा म्हटले की यथाशक्ती वर्ग निवृत्तांनीच भरतो. गेल्या वर्षी तो तसाच भरला होता.

पेटीच्या जागी पाकिटे आहेत. व्हिएन्नात ‘डेर वीनर दीवान’ नावाचे एक पाकिस्तानी उपाहारगृह २००५ पासून ‘हवे ते द्या’ तत्त्वावर चालते. तिथल्या प्रयोगात, कोणी पाहत नसताना लोकांनी कमी न देता अधिक दिले. मला हे प्रथम खरे वाटले नव्हते. लाजेमुळे माणूस जास्त देतो अशी माझी समजूत होती. पण ज्याला द्यायचे असते तो स्वतःपुढे देतो, आणि पाहणारा असला की ‘एवढे पुरे दिसते’ इथे थांबतो, असे त्याचे स्पष्टीकरण मला पटते. पाचव्या रविवारी प्रत्येकाला एक पाकीट मिळेल. सहाव्या रविवारी घेत नाही, कारण त्या दिवशी घरची मंडळी येतात, फोटो निघतात आणि पाकिटे खुर्चीवर राहून जातात. पाकिटाबरोबरच्या चिठ्ठीवर एवढाच मजकूर आहे: या वर्गाला माणशी नऊशे रुपये खर्च आला. एका जास्तीच्या माणसामुळे तीनशे वाढतात. दीड हजार दिल्यास आणखी दोघांची पुस्तिका, लेखणी आणि चहा निघतो. काहीही देता येत नसेल तर रिकामे पाकीट बंद करून टाकावे.

ही चिठ्ठी लिहिताना पावतीचा मुद्दा निघाला. एकाने करसवलतीची पावती मागितली. आम्ही नोंदणीकृत धर्मादाय संस्था नाही, आणि असतो तरी ज्याच्या बदल्यात वर्ग मिळाला ती रक्कम देणगी म्हणून दाखवणे योग्य झाले नसते. साधी पोच हवी असेल तर पाकिटावर नाव लिहावे लागेल, मग गुप्तता जाईल. पोच हवी असणाऱ्यांनी वेगळे येऊन द्यावे, असे ठरले.

मोबाइलच्या दुकानातल्या त्या तरुणाला मी स्वतः जाऊन सांगून आलो. राखीव आठांपैकी एक जागा त्याच्या नावे ठेवलेली नाही, कारण मग ती पुन्हा माफीच झाली असती. गिरवण्याच्या बैठकीला तो आला होता. त्याचा ‘श’ अजून वळत नाही. आजोबांचा कागद त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून आणला होता. तो आधी कोरड्या पुठ्ठ्यात ठेवायला सांगितला आहे.